फंक्शनल रेझ्युमे अपलोड केला की अनुभवाचा रकाना रिकामा येतोय, फॉरमॅट बदलू का?

सायली_के
जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही म्हणून लिहितेय.

जून २०१३ ते ऑगस्ट २०१८ मी एका कंपनीत कस्टमर सपोर्टमध्ये होते. मार्च २०१६ ला टीम लीड झाले, तेव्हापासून रोजचे रिपोर्ट, एक्सेल, थोडं एसक्यूएल हे सगळं माझ्याकडेच होतं. मग बाबांच्या आजारपणात नोकरी सोडली, एप्रिल २०२१ पर्यंत काहीच केलं नाही. मे २०२१ पासून फ्रीलान्स करतेय, लहान कंपन्यांचा डेटा साफ करून देणं, डॅशबोर्ड बनवणं वगैरे. आता डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून पक्की नोकरी हवी आहे.

एकीने सांगितलं की गॅप आहे आणि फील्डही बदलतेयस तर फंक्शनल रेझ्युमे कर. तसा केला. वर 'डेटा क्लीनिंग', 'रिपोर्टिंग', 'टीम मॅनेजमेंट' असे तीन गट, प्रत्येकात चार-पाच मुद्दे, आणि पार शेवटी दोन ओळींत कंपनीचं नाव आणि 'फ्रीलान्स', तारखा नाहीत. चाळीसेक अर्ज केले, दोनच फोन आले.

काल एका पोर्टलवर रेझ्युमे टाकल्यावर फॉर्म आपोआप भरला गेला तो मी पहिल्यांदाच नीट वाचला. नाव आणि ईमेल बरोबर. अनुभवात एकच नोंद, कंपनीच्या जागी 'डेटा क्लीनिंग', पदनाम रिकामं, तारखा रिकाम्या. मला खरंच धक्का बसला. आजवर सगळीकडे हेच गेलं असेल का? रिव्हर्स क्रोनॉलॉजिकल, म्हणजे सगळ्यात ताजी नोकरी आधी, असा करू की वर कौशल्यं आणि खाली नोकऱ्या असा हायब्रिड?

दिगंबर_म
सायलीताई, फॉरमॅटचं म्हणाल तर वर्ड फाईलच द्या. पीडीएफ पुष्कळ ठिकाणी वाचली जात नाही. माझ्या मुलाचं असंच झालं होतं, त्याने वर्डमध्ये दिल्यावर लगेच कामं झाली.

सायली_के
काका, मी फाईलचा फॉरमॅट नाही विचारत, रेझ्युमेची मांडणी कशी असावी ते विचारतेय. फाईल पीडीएफच आहे, त्यातला मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो.

अमोल७
हायब्रिड कर, डोळे झाकून. एटीएस, म्हणजे कंपन्यांचं अर्ज गोळा करून चाळणारं सॉफ्टवेअर, ७५ टक्के रेझ्युमे माणसाने बघायच्या आधीच फेकून देतं, त्यामुळे कीवर्ड वर हवेतच. जाहिरातीतले सगळे शब्द उचलून वर स्किल्समध्ये टाक आणि खाली नोकऱ्या तारखांसकट. काही जण तर पांढऱ्या अक्षरात कीवर्ड भरतात, माणसाला दिसत नाही आणि सॉफ्टवेअरला दिसतं.

भरती_डेस्क
नऊ वर्षं भरतीत काढली आहेत, त्यातली तीन एटीएस बसवून देण्यात आणि त्याची सेटिंग्ज करण्यात गेली, म्हणून लिहितो.

अमोल, हायब्रिडबद्दल तुमचं म्हणणं पटतं, कारण मात्र पटत नाही. तो ७५ टक्क्यांचा आकडा जिथे तिथे फिरतो, पण त्यामागे दाखवता येईल असा अभ्यास नाही. मी हाताळलेल्या सिस्टिममध्ये आपोआप नकार जायचा तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या प्रश्नांवरून, म्हणजे 'इथे काम करण्याचा परवाना आहे का', 'किमान तीन वर्षं अनुभव आहे का' असले प्रश्न. रेझ्युमेची मांडणी बघून सॉफ्टवेअर कुणाला फेकून देत नाही. होतं ते वेगळंच, आणि सायलीच्या बाबतीत तेच झालेलं दिसतंय. अर्ज सिस्टिममध्ये असतो पण शोधात वर येत नाही. रिक्रूटरसमोर तीनशे अर्ज असतात, तो 'एसक्यूएल, दोन वर्षांहून जास्त' असा फिल्टर लावतो आणि वर आलेले पंचवीस-तीस उघडतो. ज्याच्या अनुभवाच्या रकान्यात तारीखच नाही त्याचा अनुभव शून्य धरला जातो. नकार कुणीच दिलेला नसतो, नुसतं कुणी उघडून बघितलेलं नसतं.

पांढरी अक्षरं कृपा करून कुणी वापरू नका. पार्सर, म्हणजे रेझ्युमे वाचून रकाने भरणारं सॉफ्टवेअर, फाईलमधून सगळा मजकूर काढतो तेव्हा रंग राहतच नाही, रिक्रूटरला साध्या मजकुरात तो सगळा ढीग पांढऱ्यावर काळं इतका स्वच्छ दिसतो. माझ्या हातून असे अर्ज बाजूला पडले आहेत, आणि त्यातले काही उमेदवार एरवी चांगले होते.

निनाद_पी
मी रेझ्युमे पार्सरच्या टीममध्ये काम केलंय. सायलीच्या फॉर्ममध्ये 'डेटा क्लीनिंग' कंपनी म्हणून का आलं ते सांगतो.

पार्सर आधी फाईलमधला मजकूर काढतो, मग हेडिंग शोधून त्याचे तुकडे पाडतो. अनुभवाचा तुकडा सापडला की त्यात तो तीन गोष्टी एकमेकांजवळ आहेत का बघतो, पदनाम, कंपनी आणि तारीख. या तिन्हीत सगळ्यात भरवशाची तारीख, कारण 'मार्च २०१६ ते ऑगस्ट २०१८' हा आकार ओळखायला सोपा असतो. तारीख म्हणजे खुंटी, तिच्या आजूबाजूच्या ओळींतून पदनाम आणि कंपनी उचलली जाते. फंक्शनल रेझ्युमेत ही खुंटीच नसते. मग ठळक अक्षरातली एखादी छोटी ओळ, जिच्याखाली मुद्दे आहेत, ती त्याला नोकरीच्या नावासारखी वाटते. तुझ्याकडे ती ओळ 'डेटा क्लीनिंग' होती.

दुसरं म्हणजे कौशल्याचा कालावधी, हे लोकांना माहीतच नसतं. सोव्हरेन नावाचा पार्सर, जो आता टेक्स्टकर्नलकडे आहे, तो प्रत्येक कौशल्यापुढे किती महिने वापरलं आणि शेवटचं कधी वापरलं हे काढून देतो. ते तो कुठून काढतो, तर ज्या नोकरीच्या वर्णनात तो शब्द सापडला तिच्या तारखांवरून. तुझ्या लीडच्या नोंदीत एसक्यूएल लिहिलं असतं तर मार्च २०१६ ते ऑगस्ट २०१८ म्हणजे तीस महिने तिथेच मिळाले असते, वर फ्रीलान्सचे वेगळे. स्किल्सच्या यादीत नुसतं 'SQL' असेल तर शब्द सापडतो पण महिने शून्य. सगळे पार्सर असं करत नाहीत, पण जे करतात त्यांच्याकडे फंक्शनल रेझ्युमेवाल्याचं फार नुकसान होतं.

घरी तपासायचं असेल तर हे चालव:

```
pdftotext -raw resume.pdf -
```

समोर येणारा मजकूर वरून खाली वाच. नोकरीचं नाव एका जागी आणि तारीख पंधरा ओळी खाली आलेली दिसली तर समज की दोन कॉलमच्या डिझाईनने घोळ केलाय. कमांड जमत नसेल तर पीडीएफमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक, अंदाज येतो.

काकांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही, स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ती निव्वळ चित्र असते आणि मग मांडणी कुठलीही असो, उपयोग नाही. मजकूर कॉपी होत असेल तर पीडीएफ चालते.

प्राजक्ता_एस
माझा अनुभव उलटा आहे म्हणून लिहितेय. मी शाळेत शिकवत होते, आता कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये आहे, आणि मला नोकरी फंक्शनल रेझ्युमेवरच मिळाली. त्यात 'अभ्यासक्रम तयार करणे', 'मोठ्या गटापुढे बोलणे' असे गट होते. मॅडमना तो इतका आवडला की मुलाखतीत त्यावरूनच प्रश्न विचारले. त्यामुळे फंक्शनल वाईटच असं नका म्हणू ना.

भरती_डेस्क
प्राजक्ता, तो रेझ्युमे पोर्टलवर टाकला होता की कुणाकरवी पोचला?

प्राजक्ता_एस
मैत्रिणीने थेट मॅडमना ईमेल केला होता. पोर्टलवर नंतर टाकायला लावला, नुसता रेकॉर्डसाठी.

भरती_डेस्क
मग बरोबर आहे, तिथे तो चालतो. वाचणारीला तुमच्याबद्दल आधीच कुणीतरी चांगलं सांगितलेलं होतं, त्यामुळे 'हे कुठे केलं, कधी केलं' हा प्रश्न तिच्या मनात पहिला आला नाही. अनोळखी रिक्रूटरच्या मनात तोच पहिला येतो.

लॅडर्स या जॉब साईटने २०१२ मध्ये तीस रिक्रूटर घेऊन त्यांची नजर कुठे फिरते याचा अभ्यास केला होता. पहिल्या चाळणीला सरासरी सहा सेकंद लागले. २०१८ मध्ये त्यांनीच पुन्हा केला तेव्हा साडेसातच्या आसपास आले. सेकंदांची चर्चा खूप होते, पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. २०१२ च्या अभ्यासात त्या वेळातला जवळपास ८० टक्के भाग ठरावीक गोष्टींवरच गेला, नाव, सध्याचं पद आणि कंपनी, आधीचं पद आणि कंपनी, दोन्हींच्या सुरू-शेवटच्या तारखा आणि शिक्षण. आता निनादने पार्सर काय शोधतो सांगितलं ते आठवा, पद, कंपनी, तारीख. माणूस आणि सॉफ्टवेअर एकच त्रिकूट शोधतात, म्हणून दोघांसाठी वेगवेगळा रेझ्युमे करायची गरज पडत नाही. फंक्शनलमध्ये हे त्रिकूट तुटतं, म्हणून तो दोघांनाही जड जातो. शिवाय रिक्रूटर लोकांत एक सवय पक्की झालेली आहे, फंक्शनल दिसला की 'काय लपवलंय' म्हणून शेवटचं पान आधी बघायचं. अन्याय आहे, पण मी स्वतः वर्षानुवर्षं तसंच केलंय.

अमोल७
मग सरळ रिव्हर्स क्रोनॉलॉजिकलच का नाही? हायब्रिड कशाला मध्ये?

भरती_डेस्क
एकाच क्षेत्रात सरळ चढत गेलेल्या माणसाला साधा रिव्हर्स क्रोनॉलॉजिकल पुरतो, तिथे हायब्रिडचा काही फायदा नाही, उलट सध्याचं पद पानावर खाली ढकललं जातं. सायलीचं वेगळं आहे. तिची सगळ्यात लांब नोकरी सपोर्टची, अर्ज अ‍ॅनालिस्टचा. नुसती उलटी यादी दिली तर वाचणारा 'सपोर्टवाली आहे' म्हणून पुढे जाईल. वर तीन-चार ओळी अशा हव्यात की पुढचं सगळं कुठल्या नजरेने वाचायचं ते त्याला कळावं.

पण हायब्रिड या नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. एकात वर 'निवडक कामगिरी' म्हणून अर्धं पान, सगळे दमदार मुद्दे तिथे, आणि खाली नोकऱ्या नुसत्या नाव-तारखेच्या ओळी. हा हायब्रिड नाही, तारखा चिकटवलेला फंक्शनलच आहे. मुद्दा एकीकडे, नोकरी दुसरीकडे, मग तो मुद्दा कुठल्या कंपनीतला हे माणसालाही कळत नाही आणि पार्सरलाही. दुसऱ्या प्रकारात वरचा भाग पाच-सहा ओळींचा, आणि तिथे जे जे म्हटलंय त्याचा पुरावा खाली त्या त्या नोकरीखाली तारखेसकट पुन्हा येतो. हा दुसरा करा.

सायली_के
आता कळतंय. मग असं करू का? सगळ्यात वर डेटा अ‍ॅनालिस्ट, तीन ओळींचा सारांश, एका ओळीत स्किल्स. मग फ्रीलान्स, मग टीम लीड, मग सपोर्ट एक्झिक्युटिव्ह. फ्रीलान्सची सहा-सात छोटी कामं आहेत, ती वेगवेगळी लिहू का? आणि गॅपचं काय करू?

निनाद_पी
वेगवेगळी अजिबात नको. दोन-दोन महिन्यांच्या सात नोंदी केल्यास तर पार्सर त्यांना सात नोकऱ्या समजेल आणि वाचणाऱ्याला वाटेल ही कुठे टिकतच नाही. एक छत्री नोंद कर, क्लायंटची कामं तिच्याखाली मुद्दे म्हणून.

```
Work Experience

Freelance Data Analyst
Self-employed
May 2021 – Present
- Cleaned and merged monthly sales data in SQL
```

हेडिंग अगदी असंच, `Work Experience` किंवा `Professional Experience`. 'माझा प्रवास' छापाचं हेडिंग कितीही छान वाटलं तरी ते ओळखलं जाईलच याची खात्री नसते, आणि हेडिंग चुकलं की खालचा अख्खा तुकडा हरवतो. महिना लिही, नुसतं वर्ष नको. '2013 – 2018' दिलंस तर पार्सर दोन्हीकडे जानेवारी धरू शकतो, म्हणजे साठ महिने. तुझे खरे जून ते ऑगस्ट त्रेसष्ट होतात. इथे फरक तीनच महिन्यांचा आहे, पण डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ अशी दोन महिन्यांची नोकरी असेल तर ती वर्षभराची होते आणि मग मुलाखतीत उगाच स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

अजून एक, नाव-फोन-ईमेल वर्डच्या हेडरमध्ये टाकू नकोस, मुख्य मजकुरात ठेव. काही पार्सर हेडर-फूटर वाचतच नाहीत.

वैदेही_आर
तारखांबद्दल मला वेगळं म्हणायचंय. ब्रिटनमध्ये एक मोठा प्रयोग झाला होता, ९,०२२ अर्ज खऱ्या कंपन्यांना पाठवले आणि 'नेचर ह्यूमन बिहेवियर'मध्ये तो छापून आला. त्यात ज्या रेझ्युमेत तारखांऐवजी 'चार वर्षं' असा नुसता कालावधी लिहिला होता, त्यांना तारखांमुळे गॅप दिसणाऱ्या रेझ्युमेंपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त प्रतिसाद आला. म्हणजे माणसं तारखा नसलेला रेझ्युमे जास्त चांगला वाचतात. मग आपण सायलीला तारखा घालायला सांगून तिचा गॅप मुद्दाम उघडा करतोय असं नाही का होत? ज्या बायका घरच्या आजारपणासाठी थांबतात त्यांच्यावरच हे नेहमी येतं.

भरती_डेस्क
हा अभ्यास मला माहीत आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण एक बघा, त्यातला रेझ्युमे फंक्शनल नव्हता. नोकऱ्या एकाखाली एक, प्रत्येकीखाली कामं, फक्त तारखेच्या जागी वर्षं. त्यामुळे तो फंक्शनलची बाजू घेत नाही. तारखांबद्दल मात्र तुमचा मुद्दा राहतोच. निनाद, 'चार वर्षं' लिहिलं तर पार्सर काय करतो?

निनाद_पी
मी ज्यावर काम केलं त्यात कालावधी ओळखायचा, पण तो कुठून कुठवर हे कळत नसल्यामुळे 'शेवटचं कधी वापरलं' रिकामं राहायचं आणि नोंदींचा क्रमही कधी कधी उलटा व्हायचा. शिवाय बरीच पोर्टलं फॉर्ममध्ये सुरू-शेवट तारखा सक्तीने भरायला लावतात, मग रेझ्युमेत नसल्या तरी तिथे द्याव्याच लागतात.

वैदेही_आर
म्हणजे माणसाला न आवडणारी गोष्ट मशीनसाठी द्यायची. मला हे मान्य करायला जड जातंय. जिथे थेट ईमेलने जाणार असेल तिथे तरी मी कालावधीवालाच पाठवेन.

भरती_डेस्क
थेट ईमेलसाठी मी विरोध करणार नाही. पोर्टलसाठी मात्र तारखाच. २०२१ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अ‍ॅक्सेंचरचा एक अहवाल आला होता, त्यात जवळपास निम्म्या कंपन्यांनी सांगितलं की सहा महिन्यांपेक्षा जास्त गॅप असलेले अर्ज त्या बाजूला काढतात. वैदेहीचा राग अगदी योग्य आहे. पण सायलीच्या बाबतीत एक गोष्ट बघा, तिचा सप्टेंबर २०१८ ते एप्रिल २०२१ चा गॅप आता मध्ये गेलाय, त्याच्यापुढे सलग फ्रीलान्स काम आहे. असे फिल्टर बहुधा 'सध्या कामात नाही' अशांना जास्त पकडतात. फंक्शनलमध्ये तिचं सध्याचं कामही दिसत नव्हतं, म्हणजे जो गॅप संपलाय तो चालू असल्यासारखा वाटत होता.

प्राजक्ता_एस
सायली, गॅपची एक ओळ लिहूनच टाक गं. लिंक्डइनने पण २०२२ पासून करिअर ब्रेकची वेगळी नोंद ठेवायची सोय दिलीये. 'कौटुंबिक आजारपणासाठी विराम, सप्टेंबर २०१८ ते एप्रिल २०२१', झालं. जास्त काही सांगत बसू नकोस.

निनाद_पी
लिहायला हरकत नाही, पण ती ओळ `Work Experience`च्या आत नोकरीसारखी मांडलीस तर काही पार्सर ते बत्तीस महिने एकूण अनुभवात मिळवतात. मग तिथे जास्त अनुभव दिसतो आणि तू फॉर्ममध्ये वेगळा आकडा दिलेला असतो.

भरती_डेस्क
मला तरी ती आतच, योग्य जागी आवडते, वाचणाऱ्याची शंका तिथल्या तिथे मिटते. आकडा वाढला तर फॉर्ममध्ये हाताने दुरुस्त करता येतो.

निनाद_पी
जिथे फॉर्म दुरुस्त करता येतो तिथे ठीक. नुसता रेझ्युमे अपलोड करून 'सबमिट' असतं तिथे नाही जमत. मी असतो तर ती ओळ सारांशाच्या शेवटी टाकली असती.

सायली_के
रात्री बसून नवा केला. सारांशात 'सपोर्ट ऑपरेशन्समधून आलेली डेटा अ‍ॅनालिस्ट' असं लिहिलं, शेवटी ब्रेकची ओळ, एका ओळीत सहा स्किल्स, मग तीन नोंदी. टीम लीडखाली आधी 'रिपोर्टिंग सांभाळलं' होतं, ते बदलून 'तिकिटांच्या डेटावर एसक्यूएलने रोजचा रिपोर्ट, चौदा जणांच्या टीमसाठी' असं केलं. सपोर्ट एक्झिक्युटिव्हखाली दोनच मुद्दे ठेवले. pdftotext चालवलं, सगळं वरून खाली ओळीत आलं.

मग त्याच पोर्टलवर टाकलं. फ्रीलान्स बरोबर आलं, लीड बरोबर आलं, तारखा महिन्यासकट. फक्त सपोर्ट एक्झिक्युटिव्हच्या नोंदीत कंपनी रिकामी आली. दोन्ही पदं एकाच कंपनीतली म्हणून मी कंपनीचं नाव वर एकदाच लिहिलं होतं आणि खाली दोन पदं.

निनाद_पी
हे नेहमी होतं. दुसऱ्या पदाच्या नोंदीतही कंपनीचं नाव पुन्हा लिही. माणसाला थोडं दोनदा वाटेल, पण दोन्ही नोंदी पूर्ण होतील.

अमोल७
पण मग वाचणाऱ्याला दोन वेगळ्या नोकऱ्या वाटून बढती लपणार नाही का?

भरती_डेस्क
लीडच्या पहिल्या मुद्द्यात 'एक्झिक्युटिव्ह पदावरून बढती' एवढं लिहिलं की पुरे. सायली, आधीच्या चाळीसपैकी जिथे जागा अजून खुल्या आहेत तिथे प्रोफाईलमधला रेझ्युमे बदलता येतो का बघा. काही सिस्टिम जुन्या अर्जाला जुनीच फाईल जोडलेली ठेवतात, तिथे अर्ज मागे घेऊन परत करावा लागतो.

सायली_के
कंपनीचं नाव दोन्हीकडे टाकलं, आता तिन्ही नोंदी पूर्ण येतायत. अकरा जागा अजून खुल्या दिसतायत, चार ठिकाणी फाईल बदलली गेली, बाकीच्यांत अर्ज मागे घ्यायचं बटण शोधतेय.